किलोमीटरला सात मिनिटं, तर हाफ मॅरेथॉन किती वेळात?

पहिल्यांदाच हाफ मॅरेथॉनसाठी नाव नोंदवणाऱ्याला अर्जातला एक रकाना हमखास अडवतो: शर्यत पूर्ण करायची अपेक्षित वेळ. सराव झालेला असतो, हातातलं घड्याळ रोज 'किलोमीटरला ७ मिनिटं' असं काहीतरी दाखवतही असतं, पण त्यावरून शेवटचा आकडा काढायचा कसा? मग बरेच जण २१ गुणिले ७ करतात, १४७ मिनिटं येतात, रकान्यात २ तास २७ मिनिटं लिहितात आणि मोकळे होतात. गुणाकार फारसा चुकलेला नाही. तरीही असा माणूस सातचा पेस, म्हणजे किलोमीटरमागे सात मिनिटं, शेवटपर्यंत टिकवून अडीच तासांनंतर फिनिश लाइनवर पोहोचू शकतो. मधली तीन-चार मिनिटं जातात कुठे, हे कळलं की हा सगळा हिशेब कळला.

आपण एकच उदाहरण धरून चालू. धावणाऱ्याचा घड्याळावरचा पेस किलोमीटरला ७:००, आणि मनात इच्छा अडीच तासांच्या आत येण्याची.

आधी अंतर नीट घ्या

हाफ मॅरेथॉन २१ किलोमीटरची नसते, २१.०९७५ किलोमीटरची असते. पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटर, त्याचं हे बरोबर निम्मं. ४२.१९५ हा विचित्र आकडा १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधल्या मार्गाचा आहे. १९२१ मध्ये तोच अधिकृत ठरला आणि तेव्हापासून आपण सगळे त्या शेपटाचा हिशेब करत बसलो आहोत.

२१ वरचे हे ९७.५ मीटर म्हणजे जवळजवळ एक दशांश किलोमीटर. सातच्या पेसने त्याला ४१ सेकंद लागतात. म्हणून कागदावरचं शुद्ध उत्तर २:२७:०० नाही, २:२७:४१ आहे.

कॅल्क्युलेटर न घेता गुणाकार

पेस ७:०० असा गोल असेल तर प्रश्नच नाही. गोंधळ होतो तो ७:३० किंवा ७:२४ अशा आकड्यांना. कॅल्क्युलेटरवर लोक ७.३० गुणिले २१.०९७५ करतात, १५४ येतात, आणि २ तास ३४ मिनिटं धरून चालतात. पण साडेसात मिनिटं म्हणजे ७.५, ७.३ नव्हे. एका मिनिटात सेकंद ६० असतात, १०० नाही. खरं उत्तर २:३८:१४ आहे. एका टिंबापायी चार मिनिटांहून जास्त फरक पडला, आणि तोही चुकीच्या बाजूला, कारण आपण स्वतःला आहोत त्यापेक्षा वेगवान समजून बसलो.

त्यापेक्षा मनात करायची रीत सोपी आहे. अंतराचे तीन तुकडे करा: आधी २० किलोमीटर, मग १ किलोमीटर, मग उरलेला एक दशांश.

पहिल्या तुकड्यासाठी मिनिटांना २० ने गुणा आणि सेकंदांना ३ ने भागा. भागून जे येतं ती मिनिटंच असतात, कारण किलोमीटरमागे ३ सेकंद म्हणजे २० किलोमीटरमध्ये ६० सेकंद, बरोबर एक मिनिट.

समजा पेस ७:२४ आहे. ७ गुणिले २० म्हणजे १४०. २४ भागिले ३ म्हणजे ८. बेरीज १४८ मिनिटं, म्हणजे २० किलोमीटरला २:२८:००. त्यात एकविसाव्या किलोमीटरचे ७:२४ मिळवा, २:३५:२४ झाले. राहिला एक दशांश. ७:२४ म्हणजे ४४४ सेकंद, त्याचा दहावा भाग ४४. ९७.५ मीटर हे १०० मीटरपेक्षा थोडे कमी म्हणून एक सेकंद वजा करा, ४३. एकूण २:३६:०७. दशांश चिन्हांसकट पूर्ण गुणाकार केलात तरी हेच उत्तर येतं.

याच्याच सोबत एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे: पेसमधला एक सेकंद म्हणजे शेवटी २१ सेकंद. किलोमीटरला १० सेकंद इकडेतिकडे झाले की शेवटच्या वेळेत साडेतीन मिनिटांचा फरक. पुढे भर रस्त्यात हाच आकडा सर्वांत जास्त कामाला येतो.

घड्याळाचा किलोमीटर आणि रस्त्यावरचा किलोमीटर

इथपर्यंतचं गणित शाळेतलं. नवख्यांची खरी फसगत होते ती पुढे.

आपल्या उदाहरणातला धावणारा शर्यतीत २१ किलोमीटरची पाटी ओलांडतो तेव्हा त्याच्या जीपीएस घड्याळावर २१ आधीच होऊन गेलेले असतात. फिनिश लाइनवर घड्याळ २१.३५ दाखवतं. मग पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते, आयोजकांनी मार्ग लांब आखला! बहुतेक वेळा तसं नसतं. प्रमाणित मार्ग मोजला जातो तो सायकलने, चाकाला लावलेल्या मोजणी यंत्राने, आणि तोही शक्य तितक्या जवळच्या रेषेत. वळणावर आतल्या कडेपासून फक्त ३० सेंटिमीटर अंतर ठेवून. शिवाय मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जादा धरलेला असतो. आपण मात्र गर्दीत बाहेरच्या बाजूने वळतो, कुणाला तरी ओलांडायला डावीकडून उजवीकडे जातो, पाण्याच्या टेबलाकडे तिरके होतो. हे मीटर कुणीच आपल्या हिशेबात धरत नाही, पण पायांनी ते धावलेले असतात. त्यात उंच इमारती आणि दाट झाडांखाली जीपीएसची स्वतःची चूक मिसळते.

परिणाम असा की घड्याळ जो पेस दाखवतं तो त्याच्या स्वतःच्या किलोमीटरचा असतो, आणि घड्याळाच्या किलोमीटरचा पल्ला मार्गावरच्या किलोमीटरपेक्षा थोडा आखूड पडतो. २१.३५ किलोमीटर सातच्या पेसने म्हणजे २:२९:२७. कागदावर २:२७:४१ आले होते. पावणेदोन मिनिटं इथेच गेली, आणि धावणारा कुठेही मंदावलेला नाही.

तुमच्या घड्याळाचा फरक किती, हे आधी कळू शकतं. एखादी मोजलेल्या मार्गावरची १० किलोमीटरची शर्यत धावला असाल तर शेवटी घड्याळाने किती दाखवलं ते बघा. १०.१२ दाखवलं असेल तर घड्याळ १.२ टक्के जास्त मोजतं. ७:०० म्हणजे ४२० सेकंद, त्याचे १.२ टक्के म्हणजे पाच सेकंद. तेवढे पेसमध्ये मिळवा. घड्याळावर ७:०० दिसत असेल तर रस्त्यावर तुमचा पेस ७:०५ आहे, आणि वरची २०, १ आणि एक दशांशाची रीत या ७:०५ ला लावायची. हा फरक प्रत्येक मार्गावर सारखा नसतो. सरळ लांब रस्त्यावर कमी, वळणं आणि गर्दी जास्त असेल तर जास्त. पण शून्य धरण्यापेक्षा पाच सेकंद धरलेले केव्हाही बरे.

ट्रेडमिलवरून हिशेब करणाऱ्यांसाठी इतकंच: यंत्र ताशी वेग दाखवतं, पेस नाही. ६० ला त्या वेगाने भागा. ताशी ८.५ म्हणजे ७.०६ मिनिटं, आणि पुन्हा तोच सापळा, ७:०६ नव्हे तर ७ मिनिटं आणि साधारण ४ सेकंद.

पाण्यासाठी चाललात तर

पहिली शर्यत धावणाऱ्याने पाण्याच्या टेबलापाशी चालावं असंच माझं मत आहे. धावता धावता पेल्यातून पिणं जमत नाही, निम्मं पाणी नाकात जातं. पण चालण्याची किंमत हिशेबात धरायला हवी, आणि ती वाटते तेवढी मोठी नसते.

समजा तुम्ही एक मिनिट चाललात. भरभर चालण्याचा वेग किलोमीटरला ११ मिनिटं धरू. त्या एका मिनिटात तुम्ही साधारण ९१ मीटर पुढे गेलात. तेवढेच मीटर सातच्या पेसने धावायला ३८ सेकंद लागले असते. म्हणजे नुकसान पूर्ण मिनिटाचं नाही, २२ सेकंदांचं आहे. असं चार ठिकाणी केलंत तर ८८ सेकंद, म्हणजे १:२८.

आता आपल्या उदाहरणाची बेरीज करा. २:२९:२७ मध्ये १:२८ मिळवले की २:३०:५५. कागदावर अडीच तासांच्या आत सव्वादोन मिनिटांहून जास्त सवड असलेला माणूस जवळजवळ मिनिटभर उशिरा पोहोचला. पाय दुखले नाहीत, दम लागला नाही, धावत होता तोवर पेस सातचाच होता.

इथे घड्याळातली एक सोय उलटी पडते. तुम्ही थांबलात की आपोआप वेळ मोजणं थांबवणारं ऑटो पॉज सरावात चालू असेल, तर बुटाची लेस बांधायला, पाणी प्यायला, रस्ता ओलांडायला घालवलेला वेळ घड्याळाने गाळून टाकलेला असतो. मग सरावाचा '७:००' मुळात ७:१० किंवा ७:१५ असू शकतो. शर्यतीतलं घड्याळ कुणासाठी थांबत नाही. सरावाच्या लांब पल्ल्यांना हे ऑटो पॉज बंद करून ठेवा, किंवा निदान एकूण लागलेल्या वेळेला अंतराने भागून पेस स्वतः काढा.

मुळात सात हा आकडा आला कुठून?

गणित बरोबर आणि पेस चुकीचा, असंही होतं. पाच किलोमीटर सातच्या पेसने जमलं म्हणून एकवीस जमेल असं नाही. त्यासाठी धावण्याच्या जगात एक जुनं सूत्र वापरतात, पीट रीगल या अमेरिकी अभियंत्याचं. त्याचा आपल्यापुरता अर्थ एवढाच: १० किलोमीटरच्या शर्यतीची वेळ २.२ ने गुणली की हाफ मॅरेथॉनचा अंदाज मिळतो. अंतर २.१ पट असलं तरी गुणायचं २.२ ने, कारण अंतर वाढलं की पेस थोडा उतरतोच.

तुमचे १० किलोमीटर जोर लावून १ तास ८ मिनिटांत झाले असतील तर ६८ गुणिले २.२ म्हणजे १४९.६ मिनिटं, २:२९:३६. दहाला तुमचा पेस ६:४८ होता, एकवीसला तो साधारण ७:०५ धरायचा. म्हणजे अडीच तासांचं लक्ष्य अशा धावणाऱ्याच्या आवाक्यात आहे, पण काठावर.

सूत्राची मर्यादाही लक्षात घ्या. ते असं गृहीत धरतं की तुमचा सराव एकवीसच्या तोडीचा झालेला आहे. आजवरचा सर्वांत लांब पल्ला १०-१२ किलोमीटरचाच असेल तर हा अंदाज आशावादी ठरतो, आणि तो फुगा साधारण सोळाव्या-सतराव्या किलोमीटरला फुटतो. १६-१८ किलोमीटरचे दोन-तीन पल्ले ज्या पेसने आरामात झाले, तो पेस पहिल्या शर्यतीसाठी जास्त विश्वासाचा.

उलटा हिशेब: अडीच तासांसाठी कोणता पेस?

२:३० म्हणजे ९,००० सेकंद. त्याला २१.०९७५ ने भागलं की ४२६.६ येतात, म्हणजे ७:०६. हा रस्त्यावरचा पेस. आपल्या रीतीने पडताळून पाहा: १४० अधिक २ म्हणजे १४२ मिनिटं, अधिक ७:०६, अधिक ४२ सेकंद, एकूण २:२९:४८. बारा सेकंद हातात राहिले.

घड्याळात मात्र ७:०६ बघून चालणार नाही. चालण्याचे ८८ सेकंद आधीच वजा करा, राहिले ८,९१२. त्याला घड्याळाच्या २१.३५ ने भागा. ४१७ येतात, म्हणजे ६:५७. चार ठिकाणी मिनिटभर चालून अडीच तासांत यायचं असेल तर धावताना घड्याळावर ६:५७ दिसायला हवं. '७ चा पेस म्हणजे २:२७' या समजुतीपासून आपण बरेच लांब आलो.

शर्यतीच्या दिवशी काय बघायचं

घड्याळावरचा क्षणाक्षणाचा पेस बघत धावू नका, तो पुलाखाली आणि वळणावर वाटेल ते दाखवतो. किलोमीटरच्या पाट्या बघा आणि त्यांच्याशी एकूण वेळ ताडून पाहा. पाटी मोजलेल्या मार्गावर असते, म्हणून तिथे जीपीएसची भानगड उरत नाही, आणि पाण्यापाशी गेलेला वेळही एकूण वेळेत आपोआप आलेला असतो. ७:०६ च्या हिशेबाने पाच किलोमीटरच्या पाटीला ३५:३०, दहाला १:११:००, पंधराला १:४६:३०, विसाला २:२२:००. हे चार आकडे पेनाने मनगटावर लिहा. घामाने पुसतील अशी भीती वाटत असेल तर कागदाची पट्टी चिकटपट्टीत गुंडाळून बांधा.

घड्याळ सुरू करायचं ते स्टार्टला अंथरलेल्या, वेळ नोंदवणाऱ्या मॅटवर पाय पडताना, बंदूक वाजताना नव्हे. मागच्या रांगेत असाल तर मॅटपर्यंत पोहोचायलाच काही मिनिटं जातात. तुमच्या बिबमधली, म्हणजे छातीवर लावलेल्या नंबराच्या कागदातली, चिप मॅटपासून मोजते. वाटेतल्या मोठ्या घड्याळांवर बहुधा गन टाइम, म्हणजे बंदूक वाजल्यापासूनची वेळ असते, म्हणून ते बघून घाबरायचं कारण नाही.

आता समजा पंधराच्या पाटीला १:४७:४० झाले. सत्तर सेकंद उशीर आहे, भरून निघेल? अडीच तासांपर्यंत उरले ४२ मिनिटं २० सेकंद. अंतर उरलं ६.१ किलोमीटर. शेवटच्या शंभर मीटरचे ४० सेकंद बाजूला काढा, राहिले ४१:४०. त्याला सहाने भागा: ६:५६. म्हणजे इथून पुढे किलोमीटरला दहा सेकंद जास्त वेगाने धावायला लागेल, तेही पाण्यासाठी गेलेला वेळ धरून. पंधरानंतर पहिल्यांदा धावणाऱ्याला हे क्वचितच जमतं. पाय ताजे वाटत असतील तर करून बघा, नाहीतर २:३१ चं लक्ष्य धरा आणि नीट धावा.

याच्या उलट चूक जास्त जण करतात. सुरुवातीला उत्साहात पहिले पाच किलोमीटर ६:४० ने काढायचे आणि 'वेळ शिल्लक टाकली' असं समजायचं. किलोमीटरमागे २६ सेकंद, पाच किलोमीटरमध्ये २:१० मिळाले. पण त्या पाचची थकावट शेवटी निघते. शेवटचे सहा किलोमीटर ७:४० ने गेले तर किलोमीटरमागे ३४ सेकंद, सहात ३:२४ गेले. मिळवले सव्वादोन मिनिटांच्या आसपास, गमावले जवळजवळ साडेतीन. पाच किलोमीटरच्या पाटीला ३५:३० ऐवजी ३३:२० दिसले तर ती आनंदाची बातमी नाही. तिथेच वेग कमी करून ७:०६ वर या.

वीसच्या पाटीला शेवटचा हिशेब करा, तो सगळ्यात सोपा असतो. ७:०६ च्या पेसने उरलेल्या अंतराला ७:४८ लागतात. म्हणजे पाटीला घड्याळ २:२२:१२ किंवा त्याआत असेल तर आहे त्याच पेसने अडीच तास गाठता येतात, फक्त आता पाण्यासाठी थांबायचं नाही. २:२२:३० झाले असतील तर उरले ७:३०, आणि पेस लागेल ६:५०. तेवढ्यापुरता जोर बहुतेकांना लावता येतो. २:२३ च्या पुढे गेलं असेल तर मागचा पेस न सोडता सरळ फिनिश लाइन गाठा.